दूध डेअरीच्या पासबुकाचा फोटो आहे, दहा दिवसांचं बिल कसं काढायचं? (सिन्नर, गाईचं दूध)

सातपूर_पहिली_पाळी

मामा सिन्नर तालुक्यात असतात. दोन गाई आहेत. सकाळचं दूध गावातल्या डेअरीवर घालतात आणि संध्याकाळचं रतीबाला जातं. १ ते १० तारखेचं बिल कमी आलं असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला आणि म्हणाले, "तू कंपनीत आहेस, हिशोब काढून दे." फोटो इथे टाकत नाही, वर त्यांचं नाव आणि कोड आहे. मला जसं वाचता आलं तसं उतरवलंय.

| तारीख | लिटर | फॅट | दर |
|---|---|---|---|
| १ | ११.५ | ३.८ | ३२.९० |
| २ | १२.० | ३.७ | ३२.६० |
| ३ | ११.० | ४.० | ३३.५० |
| ४ | १२.५ | ३.६ | ३२.३० |
| ५ | १२.० | ३.८ | ३२.९० |
| ६ | ११.५ | ३.१ की ३.९? | ३३.२० |
| ७ | अंगठा आलाय | ३.७ | ३२.६० |
| ८ | १२.० | ३.८ | ३२.३० |
| ९ | १०.० | ४.२ | ३४.१० |
| १० | १२.५ | ३.६ | नुसत्या दोन रेघा |

खाली "एकूण ११७" दिसतंय. त्यापुढची रक्कम फोटोत कापली गेली आहे. बँकेत २,१५१ रुपये जमा झालेत. मधल्या काळात डेअरीतून गोळी पेंडीचं एक पोतं उधारीवर घेतलं होतं, ते १,६५० रुपयांचं.

बिल बरोबर आहे की नाही हे एवढ्यावरून सांगता येईल का?

---

आकडेमोड

सोपं आहे. दहा दिवसांच्या दराची सरासरी काढा आणि एकूण लिटरने गुणा. १० तारखेचा दर ३२.३० धरा, कारण ४ तारखेला ३.६ फॅटला तोच लागलाय. सरासरी येते ३२.८७. गुणिले ११७ म्हणजे ३,८४५.७९. पोत्याचे १,६५० वजा करा, २,१९५.७९ राहतात. आले २,१५१. म्हणजे ४५ रुपये डेअरीने खाल्ले. मामांचं म्हणणं खरं आहे.

---

निफाडचा_शेतकरी

३.६, ३.७ म्हणजे फॅट कमीच बसतंय भाऊ. नुसत्या हिरव्या चाऱ्यावर ठेवलं की असंच होतं. सुका चारा वाढवा, सरकी पेंड सुरू करा, पंधरा दिवसांत चारच्या पुढे जाईल. आमच्याकडे उसाचं वाढं बंद केलं तेव्हा फरक पडला. बिलाचं नंतर बघा, आधी फॅटचं बघा.

---

सातपूर_पहिली_पाळी

दादा, चाऱ्याचं मामांना सांगतो. पण फॅट वाढवायचा प्रश्न नाही. जे फॅट लागलंय त्याचे पैसे नीट मिळाले का, एवढंच बघायचंय.

---

माजी_सचिव

मी आमच्या गावच्या दूध संस्थेत बरीच वर्षं सचिव होतो, त्यामुळे अशी पानं रोज भरली आहेत. आकडेमोड यांची दिशा बरोबर आहे, पण सरासरीचा रस्ता सोडा. दुधाचे पैसे रोजच्या रोज लागतात: त्या दिवसाचं लिटर गुणिले त्या दिवसाचा दर. मग दहा रकमांची बेरीज. दराची साधी सरासरी काढली की १० लिटरचा दिवस आणि १२.५ लिटरचा दिवस एकाच मापाने मोजला जातो. मामांचंच बघा. ९ तारखेला दूध सर्वांत कमी आणि दर सर्वांत जास्त. म्हणून सरासरीने रक्कम थोडी फुगते. इथे चार रुपयांचाच फरक पडतो, पण ज्याच्या पासबुकात गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्याचा हिशोब पार बिघडतो. २० लिटर गाईचं ३२ रुपयांनी आणि ५ लिटर म्हशीचं ५२ रुपयांनी घातलं तर खरे ९०० होतात. दराची सरासरी ४२ धरली तर १,०५० दिसतात आणि माणूस डेअरीवर भांडायला जातो.

आता फोटोतल्या शंका. त्या मिटवल्याशिवाय बेरीज करू नका.

आधी दरपत्रकाची शिडी शोधा. पानावर ती लिहिलेली नसते, पण नोंदींतून निघते. ३.६ ला ३२.३०, ३.७ ला ३२.६०, ३.८ ला ३२.९०, ४.० ला ३३.५०, ४.२ ला ३४.१०. म्हणजे एका पॉइंटला ३० पैसे. ३.५ ला ३२ रुपये असणार. शिडी हातात आली की फॅट आणि दर एकमेकांचे साक्षीदार होतात. एक पुसट असलं तर दुसऱ्यावरून कळतं.

६ तारीख: ३.९ च. ३.९ ची पायरी ३३.२० आहे आणि तोच दर लिहिलाय. ३.१ असतं तर दर ३२ च्या खाली गेला असता. हा घोळ नेहमीचा आहे. एकाच पासबुकात एक मापाड्या मराठी आकडे लिहितो, दुसरा इंग्रजी, आणि घाईत लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ वेगळे काढता येत नाहीत. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचंही तेच.

७ तारीख: दर इथे मदत करत नाही, कारण लिटर किती आहे ते दराला माहीत नसतं. पण एकूण ११७ दिसतंय. बाकी नऊ दिवसांची बेरीज १०५ होते, म्हणजे अंगठ्याखाली १२ आहेत.

१० तारीख: दोन रेघा म्हणजे "वरीलप्रमाणे". पण वर ९ तारखेचा ३४.१० आहे आणि तो ४.२ फॅटचा दर. ३.६ फॅटला तो कोणी देत नाही. सध्या ३२.३० धरा, पुढे तपासू.

याप्रमाणे दहा रकमा: ३७८.३५, ३९१.२०, ३६८.५०, ४०३.७५, ३९४.८०, ३८१.८०, ३९१.२०, ३८७.६०, ३४१.००, ४०३.७५. बेरीज ३,८४१.९५. पोत्याचे १,६५० गेले, राहिले २,१९१.९५. जमा २,१५१. फरक ४०.९५.

आता फरकाला लिटरने भागा. ४०.९५ भागिले ११७ म्हणजे बरोबर ०.३५. लिटरमागे ३५ पैसे. चुकीच्या बेरजेचा फरक असा गोल येत नाही. ही लिटरमागची कपात आहे.

---

आकडेमोड

बेरीज मान्य. पण १० तारखेला खरंच ३४.१० दिला असेल तर? तुम्ही ३२.३० धरलं म्हणून गोल आकडा आला असेल.

---

माजी_सचिव

रास्त शंका. करून बघा. ३४.१० धरला तर त्या दिवसाचे ४२६.२५ होतात आणि बेरीज ३,८६४.४५. पोतं वजा केल्यावर फरक राहतो ६३.४५. भागिले ११७ म्हणजे ५४ पैसे आणि पुढे लांबलचक दशांश. अशी कपात कुठली संस्था लावणार? तुमच्या सरासरीच्या बेरजेनेही ३८ पैसे आणि काहीतरी येतं. तीन हिशोबांत गोल आकडा एकाच हिशोबात येतो, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. तरी हा अंदाजच. मागच्या दहा दिवसांचं पान असेल तर तिथे हीच कपात निघते का बघा. निघाली तर शंका उरणार नाही.

---

गोठा_सटाणा

मला माझं विचारायचंय. आमची म्हैस आहे, आणि आमच्या पासबुकात दराच्या रकान्यात ७.६० लिहिलेलं असतं. दहा दिवस तोच आकडा, बदलतच नाही. लिटरला साडेसात रुपये कोण देतं? माझ्या मुलाने लिटर गुणिले ७.६० केलं आणि म्हणाला आई आपल्याला लुटलं. पण जमा होतात ते पैसे तर त्याच्या कितीतरी पट असतात.

---

माजी_सचिव

ताई, तुमच्याकडचा दर लिटरचा नाही, फॅटच्या एका टक्क्याचा आहे. तीन आकड्यांचा गुणाकार करायचा: लिटर, फॅट आणि दर. ७.० फॅट लागलं तर लिटरला ५३.२० पडले. सहा लिटर घातलं असेल तर त्या वेळचे ३१९.२०. दर सगळीकडे तोच आणि फॅट बदलतंय, असं पान दिसलं की दर फॅटवर आहे हे ओळखायचं. दर फॅटबरोबर हलत असेल, मामांच्या पानासारखा, तर तो लिटरचा, आणि फॅट त्यात आधीच धरलेलं आहे. तिथे पुन्हा फॅटने गुणलं की लिटरला सव्वाशे रुपये निघतात, म्हणजे तेही लगेच लक्षात येतं.

---

गोठा_सटाणा

अच्छा! ५३ म्हणजे बरोबर, तेवढेच पडतात. मुलाला दाखवते.

---

नांदूर_नाका

एक विसरताय सगळे. सरकारचं लिटरमागे ५ रुपये अनुदान होतं ना २०२४ मध्ये गाईच्या दुधाला? ते बिलात धरायचं की नाही? आमचं काही महिन्यांचं आलंच नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळत नाही म्हणून अडकलं, नंतर कोणी विचारलंही नाही. मामांचं पण तसंच अडकलं असेल.

---

माजी_सचिव

अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत होतं, डेअरीच्या बिलातून नाही. म्हणून पासबुकाच्या हिशोबात ते मिसळू नका. बँकेच्या नोंदीत वेगळी रक्कम दिसेल ती त्याची. तुमच्या अडकलेल्या पैशांसाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही हिशोब गुंततील.

---

सातपूर_पहिली_पाळी

सगळ्यांचे आभार. मामांकडून दोन फोटो मागवले. या वेळी मामेभावाने काढले, उजेडात.

७ तारखेला १२ च आहेत. १० तारखेच्या रेघा तशाच, त्यापलीकडे काही नाही.

मागच्या दहा दिवसांचं पान साफ वाचता येतंय. रोजच्या रकमा काढून बेरीज केली, ४,०९३.१० आली. लिटर १२४.५. त्या वेळी पेंड घेतली नव्हती. बँकेत ४,०५० जमा. फरक ४३.१०. लिटरने भागलं तर ३४ पैसे आणि पुढे ६ असं येतं, बरोबर ३५ नाही.

---

माजी_सचिव

उलटं करून बघा. १२४.५ ला ३५ पैशांनी ४३.५७ होतात. ४,०९३.१० मधून गेले की राहतात ४,०४९.५३. रुपयात पूर्ण केले की ४,०५०. जुळलं. तुमच्या पहिल्या पानावर वजाबाकी योगायोगाने पूर्ण रुपयात आली म्हणून भागाकार चोख आला. एरवी शेवटी पैसे गोल करतात, म्हणून पन्नास पैसे इकडेतिकडे सोडून तुलना करायची.

तर लिटरमागे ३५ पैसे कापतात हे माझ्या मते नक्की. १० तारखेचा दर ३२.३० हेही त्याबरोबर पक्कं झालं.

---

सातपूर_पहिली_पाळी

पण हे ३५ पैसे कशाचे? मामांना कोणी सांगितलेलं नाही. पासबुकात "कपात" म्हणून रकाना आहे, तिथे फक्त १,६५० लिहिलंय.

---

आकडेमोड

वाहतूक असणार. टँकरपर्यंत नेण्याचा खर्च.

---

माजी_सचिव

वाहतूक असेल, सभासदाची ठेव असेल, इमारत निधी असेल. आमच्याकडे ठेव कापत होतो आणि वर्षाअखेरीला ती प्रत्येकाच्या खात्यावर दाखवत होतो. पानावरून मला सांगता येणार नाही आणि कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फरक मोठा आहे: ठेव असेल तर ते मामांचेच पैसे आहेत, परत मिळतील. वाहतूक असेल तर गेले. सचिवाला विचारायचं, "लिटरमागे ३५ पैसे कशाला लावलेत आणि ठराव कधी झाला?" असं नेमकं विचारलं की टाळता येत नाही. "बिल कमी आलं" म्हणून गेलात तर "फॅट कमी लागलं" एवढंच उत्तर मिळेल.

---

गंगापूर_रोड_लेखा

८ तारखेचं कोणी बोललंच नाही. फॅट ३.८ आणि दर ३२.३०. ५ तारखेला त्याच फॅटला ३२.९० आहे. ६० पैसे कमी लावलेत, १२ लिटरचे ७.२० रुपये गेले. ही तर सरळ चूक आहे.

---

माजी_सचिव

बघितलं होतं, मुद्दाम शेवटी ठेवलं. चूक असेलच असं नाही. गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दोन्हींवर लागतो. पायाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ असतं. या पासबुकात एसएनएफचा रकानाच नाही. त्या दिवशी लॅक्टोमीटरची डिग्री कमी लागली असेल तर फॅट तेवढंच राहून दर उतरतो. बाकीचे सगळे दर शिडीवर चोख बसतात म्हणजे त्या दिवसांत एसएनएफ पुरेसं होतं आणि फक्त ८ तारखेला कमी पडलं, हे शक्य आहे.

दुसरी शक्यता: फॅट ३.६ च असेल आणि इंग्रजी सहाचं वरचं टोक वळून आठ झाला असेल. ३२.३० ही ३.६ ची पायरी आहे हे विसरू नका. बिलाच्या दृष्टीने दोन्हींत एक पैशाचाही फरक नाही, कारण पैसे लिहिलेल्या दरावर लागतात. मामांवर अन्याय झाला का, एवढ्यापुरताच तो प्रश्न आहे, आणि तो मशीनच्या पावतीशिवाय सुटणार नाही.

---

गंगापूर_रोड_लेखा

म्हणजे तिसरी शक्यता, लिहिणाऱ्याने दरपत्रकातल्या भलत्या ओळीचा दर टाकला, ती तुम्ही धरतच नाही. सचिव मंडळी एकमेकांना सांभाळून घेतात.

---

माजी_सचिव

धरतो ना. दरपत्रकावर बोट ठेवून वाचताना ओळ सरकते, हे मी दुसऱ्यांचं होताना पाहिलंय. म्हणूनच पावती म्हटलं. त्यावर फॅट, एसएनएफ आणि दर तिन्ही छापलेले असतात.

---

सातपूर_पहिली_पाळी

८ तारखेची पावती मामांकडे नाही. मशीनला कागद नव्हता म्हणे त्या आठवड्यात. लोकांना तोंडी फॅट सांगायचे.

---

माजी_सचिव

मग ती ओळ तशीच राहणार.

मला या पानात खटकतंय ते वेगळंच आहे. सगळी लिटरं .० किंवा .५ वर आहेत. एकदाही ११.७ नाही, १२.३ नाही. गाय असं गोल दूध देत नाही. म्हणजे काट्यावर वजन होत नाही, मापाने मोजतात, किंवा काट्यावर मोजून हाताने गोल करतात. वर-खाली दोन्हीकडे गोल करत असतील तर सरासरी फिटंफाट होते. पण नेहमी खालीच उतरवत असतील तर रोज सरासरी पाव लिटर जातं. ३३ च्या दराने रोजचे आठ रुपये, दहा दिवसांचे ऐंशी. ज्या ४१ रुपयांसाठी आपण इतका खल केला त्याच्या दुप्पट, आणि पासबुकात त्याचा मागमूस नसतो, कारण पान कितीही चोख गुणलं तरी जुळणारच.

मामांना सांगा, काही दिवस घरून निघताना दूध वजन काट्यावर तोला. किलोचं लिटर करायला १.०३ ने भागा, १२ किलो म्हणजे साधारण ११.६५ लिटर. कॅनचं वजन आधी वजा करायला विसरू नका. मग पासबुकातल्या आकड्याशी ताडून बघा.

---

निफाडचा_शेतकरी

हे खरं बोललात. आमच्याकडे काटा आल्यापासून घरचं माप आणि डेअरीचं माप एक झालं. आधी रोज वाद.

---

आकडेमोड

दर वेळी हाताने गुणायला नको असेल तर मोबाईलवर शीट करा. दुसऱ्या रकान्यात लिटर, चौथ्यात दर, आणि खाली:

```
=SUMPRODUCT(B2:B11,D2:D11)
```

आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका, मराठी आकडे टाकले तर ते अक्षरं समजून सोडून देतं आणि बेरीज कमी दिसते. म्हशीच्या फॅटच्या दराला मध्ये C2:C11 घाला.

---

सातपूर_पहिली_पाळी

शीट केलं, ३,८४१.९५ च आलं. रविवारी गावी जातोय, तेव्हा मामांबरोबर डेअरीत जाऊन ३५ पैशांचं विचारतो. वजनाचं मामांना पटलं नाही. म्हणाले मापाड्या आपल्या भावकीतलाच आहे, तो कशाला मारेल. मामी मात्र लगेच म्हणाली की शेजारच्यांचा कांद्याचा काटा आणता येईल.

---

गोठा_सटाणा

मामींचं ऐका. आणि सचिव काका, आमच्या पासबुकात कधी कधी सकाळचं फॅट ६.८ आणि संध्याकाळचं ७.४ असतं, तेही एकाच म्हशीचं. त्यात काही गडबड आहे का?

---

माजी_सचिव

नाही ताई, दोन धारांमधलं अंतर सारखं नसलं की असं होतं. रात्रीचं अंतर मोठं, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. फक्त दोन्ही वेळांचं फॅट वेगळं लिहून वेगळं गुणा, दिवसाचं एक फॅट धरू नका.